अडकलेले 21,000: एका तक्रारपत्राचं प्रकरण

खानापूरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पीक विमा, उतारे, पॅन-आधार जोडणी, कॉलेजचे फॉर्म अशी कामं दिवसभर चालू असतात. सीमाभागात असं दुकान चालवणारा माणूस हळूहळू अर्जलेखक होऊन जातो. घरातली भाषा मराठी, सरकारी कागद कन्नडमधे आणि कंपन्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत, त्यामुळे ज्याचं काम अडतं तो कागद घेऊन टेबलासमोर येऊन बसतो. हे प्रकरणही तसंच आलं. ज्याचं आहे त्याच्या परवानगीने लिहितोय. त्याचं, त्याच्या गावाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

2 एप्रिल 2025 च्या संध्याकाळी तो आला. वय चोवीस, बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधे लेथवर काम करतो. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मामा, पैसे दिसूलालेत, पण काढायला येईनात."

स्क्रीनवर एका रमी अ‍ॅपचं पान होतं. वर शिल्लक 21,000 रुपये आणि खाली लाल पट्टीत खातं तपासणीसाठी बंद केल्याची सूचना. ऑगस्टमधे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राची बंदी आली, पण ही गोष्ट त्याच्या आधीची आहे. कर्नाटकाने 2021 मधे आणलेली बंदी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मधे रद्द केली होती, त्यामुळे त्या मार्चमधे इथे हा खेळ खुलेआम चालत होता.

घडलं होतं ते असं. पहिल्यांदा पैसे भरणाऱ्याला 100 टक्के बोनस, कमाल 5,000 रुपये, अशी ऑफर होती. 8 मार्चला याने यूपीआयने 6,400 रुपये भरले. भरण्यावरचा 28 टक्के जीएसटी वजा होऊन खेळायला 5,000 जमा झाले आणि तेवढाच बोनस वेगळ्या खान्यात कुलूपबंद दिसू लागला. बोनस मोकळा व्हायला 14 दिवसांत त्याच्या दहापट, म्हणजे 50,000 रुपयांच्या एन्ट्री फीचे डाव खेळायचे होते. एवढे पैसे खिशातून घालावे लागत नाहीत. तेच पैसे जिंकत-हरत फिरतात आणि प्रत्येक डावाची फी बेरजेत धरली जाते. याने ते आठ दिवसांत पुरं केलं. 24 मार्चला 21,000 काढायची विनंती टाकली आणि 26 ला खातं बंद झालं. निरोपात "बोनसचा गैरवापर" एवढे दोनच शब्द होते.

पहिलं पत्र त्याने मला विचारण्याआधीच पाठवलं होतं. ते चॅटमधे अजून होतं, म्हणून इथे सांगतो. बहुतेकांचं पहिलं पत्र असंच असतं. तुम्ही चोर आहात, गरिबाचे पैसे खाल्लेत, पोलिसात जातो, सगळीकडे बदनामी करतो, माझे 22,400 ताबडतोब द्या. हे 22,400 कुठून आले ते विचारलं, तर 21,000 मधे त्याने कापलेला 1,400 चा जीएसटी मिळवला होता. तो कर सरकारकडे जातो आणि कंपनीकडून परत मागता येत नाही. पत्रातला एक आकडा चुकला की समोरच्याला बाकीचं वाचायची गरज उरत नाही. त्यांचं उत्तर आलं होतं, "आपले प्रकरण तपासणीखाली आहे," आणि पुढे सहा दिवस शांतता.

आधी हिशेब

मी त्याला सांगितलं, पत्र उद्या लिहू, आज रुपया कुठून आला ते बघू. खातं बंद असल्याने अ‍ॅपमधला व्यवहारांचा इतिहास उघडत नव्हता. पण बोनस मोकळा झाल्यावर कंपनीने त्याला एक ईमेल पाठवला होता. तो प्रमोशनच्या खान्यात न वाचलेला पडून होता. 16 मार्च, रात्री 11 वाजून 42 मिनिटं. "अभिनंदन, 5,000 रुपये आपल्या रोख शिल्लकीत जमा झाले. एकूण शिल्लक 19,200."

हे प्रकरण त्या ओळीवर उभं राहिलं. 19,200 मधून 5,000 काढले तर 14,200 उरतात. म्हणजे बोनस हाताशी येण्याआधीच त्याच्या खात्यात 14,200 होते. बोनस तोवर कुलूपबंद होता आणि त्यातला एक रुपयाही कुठल्या डावाला लागलेला नव्हता. ते 14,200 म्हणजे त्याचे स्वतःचे 5,000 आणि त्या पैशांवर जिंकलेले 9,200. पुढच्या आठ दिवसांत आणखी 1,800 आले आणि 21,000 झाले.

मी वहीत तीन ओळी लिहिल्या. बोनसच्या आधीचे 14,200. बोनस 5,000. बोनसनंतरचे 1,800. बोनस पूर्ण चुकीचा ठरला, तरी वाद शेवटच्या दोन ओळींचा, म्हणजे 6,800 चा आहे. पहिल्या ओळीला बोनसचं कुठलंच कलम लागू होऊ शकत नाही. कंपनीने मात्र तिन्ही ओळी एका कुलपात घातल्या होत्या, आणि याचं पत्रही तिन्ही ओळी एका दमात मागत होतं. कंपनीला तेच सोयीचं होतं. सगळं एकत्र राहिलं की बोनसवरची शंका सगळ्या रकमेला चिकटते.

सगळीकडे बोनस असा कुलूपबंद नसतो. काही ठिकाणी बोनसचे पैसे पहिल्या डावापासून तुमच्या पैशांत मिसळतात, एन्ट्री फीचा काही भाग त्यातून जातो. तिथे अशी रेघ ओढता येत नाही आणि पत्रही वेगळं लिहावं लागतं. म्हणून आधी तो ईमेल शोधायचा, बोनस कधी आणि कसा मोकळा झाला ते बघायचं आणि मगच आकडा ठरवायचा.

फोन कुणाचा

आता दुसरी बाजू. "गैरवापर" म्हणजे काय, हे कंपनी सांगत नव्हती. चॅटवरच्या माणसाने एकदा फक्त "एकाच आयपीवरून दोन खाती" असं लिहिलं होतं. मोबाइल डेटावर या आरोपात फारसा दम नसतो, कारण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एकाच वेळी कितीतरी गिऱ्हाइकांना वाटून देतात. खानापुरात आमच्या दुकानासमोर उभे असलेले दहा जण बाहेरच्या जगाला एकाच आयपीवरून दिसू शकतात. पण एवढ्यावर खातं बंद होईल, असं मला वाटत नव्हतं.

मी विचारलं, हा फोन कधी घेतलास? तेव्हा कळलं, फोन याचा नव्हताच. थोरल्या भावाचा. त्याने नवा घेतला आणि जानेवारीत हा जुना याला दिला. भाऊ तेच अ‍ॅप खेळायचा. डिसेंबरमधे याच फोनवरून त्याने स्वतःच्या नंबरने खातं काढलं होतं आणि स्वतःचा स्वागत बोनसही घेतला होता. फोन देताना रिसेट केला नाही. अ‍ॅप तसंच ठेवून फक्त लॉगआउट केलं, आणि याने आपला नंबर टाकून लॉगइन केलं.

मी अटींचं पान उघडलं. ऑफरच्या चित्रावर काही नव्हतं, पण खालच्या दुव्यातल्या अटींत स्पष्ट लिहिलं होतं: स्वागत बोनस एका व्यक्तीला आणि एका डिव्हाइसला एकदाच. फोन बदलला नाही तर अ‍ॅपच्या दृष्टीने डिव्हाइस तेच. याने फसवलं नव्हतं, पण अट मोडली होती. पोराचा चेहरा उतरला. "म्हणजे गेले काय मामा सगळे?" मी वहीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यात भर घातली नावांनी. आपल्याकडे बँकेच्या पासबुकात पुष्कळदा पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं असतात. या दोन भावांची आद्याक्षरंही एकच, आडनाव एकच, घरही एकच. कुठल्यातरी दूरच्या शहरात बसून तपासणाऱ्याला हा एकच माणूस दोन खाती चालवतोय असं वाटलं, तर नवल नाही. आम्ही दोघं वेगळे आहोत हे दाखवायला पोरगा रेशनकार्ड घेऊन आला होता. मी ते परत पिशवीत ठेवायला लावलं. ते कार्ड कन्नडमधे, वाचणाऱ्याला कळायचं नाही. कळलंच, तर दोघं एका घरातले हेच त्यातून सिद्ध होईल, आणि वर घरातल्या सगळ्यांची माहिती नको तिथे जाईल. दोन वेगळे पॅन क्रमांक आणि दोन वेगळी बँक खाती यावर दोन माणसं सिद्ध होतात, आणि ती माहिती कंपनीकडे केवायसीत आधीच होती. पत्रात फक्त तिकडे बोट दाखवायचं होतं.

मी आणखी एक प्रश्न विचारला आणि खरं उत्तर सांग म्हणालो. दोघं कधी एका टेबलावर बसलात? रमीत दोन ओळखीचे एका टेबलावर बसून तिसऱ्याला लुटतात, त्याला कंपन्या संगनमत म्हणतात. ते सापडलं की जिंकलेली सगळी रक्कम जाते, आणि मीही त्याचं पत्र लिहिलं नसतं. तो शपथेवर नाही म्हणाला. भाऊ जानेवारीपासून खेळलाच नव्हता. मी त्यावर विश्वास ठेवला, आणि पत्रात कंपनीलाच टेबलांच्या नोंदी तपासायला सांगितलं. खोटं बोलणारा माणूस सहसा ही मागणी करत नाही.

पत्र

4 एप्रिलला ईमेल पाठवला. इंग्रजीत होता, त्याचं मराठी रूप देतो.

"विषय: खाते क्रमांक …, 24 मार्च 2025 ची 21,000 रुपये काढण्याची विनंती, तिकीट क्रमांक …

8 मार्च रोजी मी यूपीआयने 6,400 रुपये भरले (व्यवहाराचा यूटीआर क्रमांक …, बँक उतारा सोबत). जीएसटी वजा जाता 5,000 जमा झाले. 16 मार्च रोजी रात्री 11.42 ला आपण पाठवलेल्या ईमेलनुसार 5,000 रुपयांचा बोनस मोकळा झाला व शिल्लक 19,200 झाली (ईमेल सोबत). त्यामुळे बोनस जमा होण्यापूर्वीची माझी शिल्लक 14,200 होती. ती माझ्या स्वतःच्या भरण्यातून व त्यावर खेळलेल्या डावांतून आलेली आहे.

पहिली मागणी: या 14,200 रुपयांचा बोनसशी संबंध नाही. कायद्याप्रमाणे टीडीएस कापून ती रक्कम माझ्या पडताळणी झालेल्या बँक खात्यात जमा करावी. बोनसविषयीच्या निर्णयासाठी ती अडवून ठेवू नये.

दुसरी मागणी: उरलेल्या 6,800 रुपयांबाबत आपण कोणत्या कलमाचा आधार घेत आहात त्याचा क्रमांक, 8 मार्च रोजी लागू असलेला त्या कलमाचा मजकूर आणि मी ते कोणत्या तारखेला कोणत्या कृतीने मोडले, हे लेखी कळवावे.

माहितीसाठी: मी वापरत असलेला फोन पूर्वी माझ्या भावाचा होता. त्याचे आपल्याकडे स्वतंत्र खाते आहे. त्याचा पॅन, बँक खाते व मोबाइल नंबर वेगळा आहे. आम्ही एकाही टेबलावर एकत्र खेळलेलो नाही. आपण आपल्या नोंदी तपासून खात्री करावी."

फोनची गोष्ट स्वतःहून सांगावी की नाही यावर आमचा बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, आपण कशाला हातात कोलीत द्यायचं? माझं म्हणणं असं होतं की डिव्हाइसची नोंद त्यांच्याकडे आहेच. आपण लपवलं तर ती गैरवापराचा पुरावा ठरते, आणि आपणच सांगितलं तर घरातला जुना फोन एवढीच गोष्ट उरते. मात्र "मी अट मोडली" असं वाक्य मी घातलं नाही. काय घडलं ते सांगितलं. त्याला काय नाव द्यायचं, ते त्यांनी कलम दाखवून सांगायचं होतं.

पत्रात धमकी नाही, गरिबीचं वर्णन नाही, घरातलं आजारपण नाही. हे सगळं खरं असलं, तरी सपोर्टवाल्याला ते कुठल्या खान्यात भरायचं ते कळत नाही, आणि मग तो तयार उत्तर चिकटवून मोकळा होतो. त्याला आकडा, तारीख आणि होय-नाही उत्तर देता येईल असा प्रश्न लागतो.

5,000 चं आमिष

9 एप्रिलला उत्तर आलं. कलमाचा क्रमांक नव्हता. "सद्भावना म्हणून" भरलेले 5,000 परत देऊ, त्यासाठी हा अंतिम आणि संपूर्ण तोडगा मान्य असल्याचं उलट ईमेलने कळवा.

पोरगा लगेच हो म्हणायला निघाला होता. 5,000 म्हणजे त्याच्या हप्त्याची सोय. मी त्याला "अंतिम आणि संपूर्ण" हे शब्द दोनदा वाचून दाखवले. एकदा हो लिहून दिलं की पुढच्या 9,200 वर बोलायचा हक्क गेला. आम्ही एवढंच लिहिलं: 5,000 रुपये 14,200 पैकी अंशतः रक्कम म्हणून स्वीकारायला तयार आहे, उरलेला दावा कायम ठेवून. त्यांनी ते पाठवले नाहीत. पण त्या उत्तरातून एक गोष्ट कळली. किमान काही रक्कम त्याची आहे, हे कंपनीने स्वतः लिहून दिलं होतं.

11 एप्रिलला तेच पत्र, ही नवी घडामोड जोडून, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला गेलं. या अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटच्या तळाशी असतो आणि सपोर्टवाले तो आपणहून सांगत नाहीत. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे तेव्हा अशा अधिकाऱ्याने 24 तासांत पोच द्यायची असे आणि 15 दिवसांत तक्रार निकाली काढायची असे. पत्राच्या शेवटी मी ही मुदत तारखेसह लिहिली, 26 एप्रिल. पंधराव्या दिवशी उत्तर आलं. यावेळी कलम होतं: एका डिव्हाइसला एकच स्वागत बोनस. निर्णय अंतिम, शिल्लक जप्त. 14,200 बद्दल अवाक्षर नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर घेतला. तिथूनही कंपनीने तेच उत्तर पाठवलं. अटींत लवादाचं कलम होतं, दूरच्या शहरातलं. तसं कलम असलं म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावात, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पण कामाचे दिवस बुडवून तारखांना जाणं त्याला परवडणारं नव्हतं. मी थांबायला सांगितलं, जूनपर्यंत.

एका मोहापासून त्याला आवरावं लागलं. कुणीतरी सांगितलं होतं, बँकेत जाऊन 6,400 चा यूपीआय व्यवहार फसवणुकीचा म्हणून नोंदव. तो व्यवहार याने स्वतः पिन टाकून केला होता आणि त्या बदल्यात खेळलाही होता. खोटी नोंद केली असती तर कंपनीला खातं कायमचं बंद करायला खरं कारण मिळालं असतं, आणि खऱ्या तक्रारीचीही किंमत गेली असती.

26एएस मधली ओळ

जूनची वाट का पाहिली ते सांगतो, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194बीए खाली 30 टक्के टीडीएस कापायचे. पैसे काढताना तर तो कापायचेच. पण आर्थिक वर्ष संपताना पैसे खात्यातच पडून असतील, तरी 31 मार्चच्या शिल्लकीवर हिशेब करून कापावा लागायचा. आमचे पैसे 26 मार्चला अडकले होते. म्हणजे पाच दिवसांनी कंपनीला या खात्याचा हिशेब करून सरकारला सांगावं लागणार होतं की या पॅनच्या माणसाने अमुक रक्कम जिंकली. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण 31 मेपर्यंत भरायचं असतं. ते भरलं की नोंद त्याच्या फॉर्म 26एएस मधे, म्हणजे त्याच्या पॅनवर कापलेल्या कराच्या उताऱ्यात उमटते, आणि तो आयकराच्या पोर्टलवर ज्याचा त्याला बघता येतो.

सद्भावनेचं पत्र कंपनी गिऱ्हाइकाला लिहिते. 26एएस मधला आकडा ती सरकारला देते.

12 जूनला आम्ही पोर्टल उघडलं. कलम 194बीए, रक्कम 7,800, कापलेला कर 2,340. मी वही काढली. 14,200 मधून त्याने भरलेले 6,400 वजा केले की बरोबर 7,800 येतात. पूर्ण 21,000 धरले असते तर 14,600 आले असते, आणि सगळं जप्त धरलं असतं तर ओळच नसती. कंपनीने आपल्या हिशेबात बोनस आणि त्यानंतरचे 1,800 रद्द केले होते, आणि वहीतली पहिली ओळ त्याचीच मानली होती. गिऱ्हाइकाला जप्त असं सांगितलेली रक्कम सरकारदरबारी त्याच्या नावावर होती आणि तिच्यावरचा करही भरलेला होता.

त्या दिवशीचं पत्र सहा ओळींचं झालं. सोबत 26एएस चं पान. "आपण माझ्या पॅनवर 7,800 रुपये निव्वळ जिंकल्याची नोंद करून 2,340 रुपये कर भरला आहे. हा आकडा 14,200 च्या शिल्लकीतूनच निघतो. ही रक्कम जप्त असेल तर ही नोंद चुकीची आहे; नोंद बरोबर असेल तर 14,200 वजा 2,340, म्हणजे 11,860 रुपये मला देणे आहेत. दोहोंपैकी काय खरे, ते सात दिवसांत कळवावे." तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं आणि 1915 च्या डॉकेटलाही जोडलं.

कळवणारं पत्र आलं नाही. 20 जूनला दुपारी त्याच्या खात्यात 11,860 जमा झाले. वर्कशॉपमधून त्याने मेसेजचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

6,800 गेले. ते मिळायला हवे होते का, यावर मला प्रामाणिकपणे असं वाटतं की बोनसचे 5,000 मागण्याइतकी आमची बाजू भक्कम नव्हती. अट लिहिलेली होती. 1,800 बद्दल मात्र अजून खटकतं. ते जिंकले तेव्हा खात्यात त्याचे स्वतःचे 14,200 आणि बोनसचे 5,000 एकत्र होते, म्हणजे प्रत्येक चार रुपयांतले जवळपास तीन त्याचेच. पण तेवढ्यासाठी आयोगात जायची त्याची इच्छा नव्हती आणि मी आग्रह केला नाही. जिंकलेले 7,800 आणि कापलेला कर त्याच्या त्या वर्षीच्या रिटर्नमधे दाखवला.

ज्याला हे पत्र चालत नाही

22 ऑगस्ट 2025 ला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. देशी कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले आणि शिल्लक काढून घ्यायला सांगितलं. त्या कायद्याचा रोख खेळ चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. म्हणून ज्यांची जुनी शिल्लक अशीच वादात पडलेली आहे, त्यांनी घाबरून गप्प बसायचं कारण नाही. 26एएस मधली ओळ अजून तिथेच आहे.

पण त्यानंतर दुकानात वेगळीच माणसं येऊ लागली. दिवाळीच्या सुमाराला निपाणीकडचा एकजण आला. टेलिग्रामवरून मिळालेलं अ‍ॅप, 200 टक्के बोनस, शिल्लक 64,000. माझ्याकडच्या पत्राची गोष्ट ऐकून आला होता, तसंच मला लिहून द्या म्हणाला. मी त्याच्या बँकेचा उतारा बघितला. चार वेळा पैसे भरले होते, चारही वेळा वेगवेगळ्या माणसांच्या वैयक्तिक यूपीआयवर. अ‍ॅपमधे पत्ता नाही, तक्रार अधिकारी नाही, पॅन कधी मागितलाच नाही. आणि आता पैसे काढायला "आधी 30 टक्के टीडीएस भरा" म्हणून 19,200 मागत होते.

टीडीएस मिळणाऱ्या रकमेतून कापतात. तो आधी भरायला कुणी सांगत नाही. स्क्रीनवरचे 64,000 कुठल्याच बँकेत नव्हते, आणि वाद घालायला समोर कंपनीही नव्हती. त्याने आदल्याच दिवशी शेवटचे 5,000 भरले होते. मी पत्र लिहायला घेतलं नाही. त्याच्याच फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली आणि चारही यूटीआर क्रमांक एकेक करून वाचून दाखवले.